कर्ज फिटलं, दाखलाही मिळाला, तरी सिबिलमध्ये थकबाकी : नोंद कशी दुरुस्त करून घ्यायची



मागच्या वर्षी जूनमध्ये निपाणी भागातले आपले एक सभासद बँकेत गेले होते. तलावात बीज सोडायच्या आधी जाळी आणि बर्फाच्या पेट्या घ्यायच्या होत्या, त्यासाठी कर्ज हवं होतं. कागद सगळे नीट होते. मॅनेजरनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "काका, तुमचं एक जुनं कर्ज थकीत दिसतंय. हे असताना मी फाईल पुढं पाठवू शकत नाही."

काकांनी ते कर्ज पंधरा महिन्यांपूर्वीच फेडलं होतं. पैसे भरल्याची पावती होती आणि फायनान्स कंपनीचा बेबाकी दाखलाही घरात होता. मग थकबाकी आली कुठून, आणि ती काढायला दोन महिने का लागले, हे सविस्तर सांगतो. काकांचं आणि कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. असं प्रकरण कुणाचंही होऊ शकतं.

आधी चूक कशी झाली ते बघू. कर्ज होतं ९०,००० रुपयांचं, महिना ४,६५० रुपयांचे २४ हप्ते. पहिला हप्ता ५ एप्रिल २०२२ ला आणि शेवटचा ५ मार्च २०२४ ला होता. २३ हप्ते बँक खात्यातून आपोआप कापून गेले. शेवटच्या हप्त्याला खात्यात पैसे कमी पडले आणि हप्ता परत गेला. काका १२ मार्चला स्वतः शाखेत गेले, हप्त्याचे ४,६५० आणि हप्ता परत गेल्याचा दंड ५९० असे ५,२४० रुपये रोख भरून पावती घेतली. २० मार्चला कंपनीनं लेखी दाखला दिला की या खात्यावर काहीही येणं बाकी नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण ती रोख रक्कम कंपनीच्या हिशेबात काकांच्या कर्जखात्याला चढलीच नाही, दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यात पडून राहिली. दाखला शाखेतल्या माणसानं दिला, तर सिबिलला माहिती मुख्य कार्यालयातलं मशीन पाठवतं. त्या मशीनच्या दृष्टीनं चोविसावा हप्ता आलाच नव्हता.

एकाच हप्त्याची बाकी असली तरी ती रिपोर्टमध्ये महिन्यागणिक वाढत जाते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रक्कम ४,६५० च राहते, वाढतात ते दिवस. रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याच्या चौकटीत हप्ता किती दिवस थकलाय त्याचा आकडा असतो, त्याला DPD म्हणतात. काकांच्या रिपोर्टमध्ये मार्च २०२४ च्या चौकटीत २६, एप्रिलमध्ये ५६, मेमध्ये ८७, जूनमध्ये ११७ आणि डिसेंबरमध्ये ३०१ असे आकडे होते. नव्वदच्या पुढं आकडा गेला की बँकेच्या भाषेत ते बुडीताच्या वाटेवरचं कर्ज होतं. म्हणजे भरलेल्या एका हप्त्यापायी काका वर्षभर थकलेले कर्जदार झाले, आणि त्यांना पत्ताच नाही.

पत्ता का नाही? थकबाकीची नोंद सिबिलला पाठवताना ग्राहकाला मेसेज किंवा ईमेल करायचा, असा रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. पण मेसेज जातो तो कर्ज घेताना दिलेल्या मोबाइल नंबरवर. काकांचं ते सिम केव्हाच बंद पडलं होतं. आपल्याकडं दर दुसऱ्या वर्षी नंबर बदलणारे पुष्कळ आहेत. कर्ज चालू असेपर्यंत आणि फिटल्यावरही वर्षभर नंबर बदलला तर कर्ज देणाऱ्याला कळवा.

रिपोर्ट स्वतः काढा

मॅनेजरनं सांगितलं म्हणजे झालं, असं समजू नका. रिपोर्ट आपल्या हातात पाहिजे. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, पण देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर पॅन आणि मोबाइल नंबर घालून तो मिळतो. वेबसाइट आधी पैशांची योजना पुढं करते, फुकट रिपोर्टची जागा शोधावी लागते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं गुण कमी होत नाहीत, ती भीती मनातून काढा.

कर्ज देणाऱ्याला चारही कंपन्यांना माहिती द्यावी लागते, त्यामुळं एका ठिकाणी चूक असेल तर बाकी तिन्हीकडं ती असण्याची शक्यता मोठी. काकांनी चारही काढले. चूक चारही ठिकाणी होती.

रिपोर्टमध्ये त्या कर्जाच्या चौकटीत मुख्यतः चार गोष्टी बघायच्या. Date Closed, म्हणजे खातं बंद झाल्याची तारीख, जी काकांच्या रिपोर्टमध्ये कोरी होती. Current Balance आणि Amount Overdue, ज्या शून्य हव्या होत्या पण तिथं ४,६५० होते. तिसरे ते महिन्यावारचे आकडे. आणि चौथी खात्याची स्थिती, म्हणजे Status. या चौथ्या गोष्टीनं काकांचा सगळ्यात जास्त घोळ केला.

'सेटल' हा शब्द जपून वापरा

आपण बोलताना म्हणतो, "कर्ज सेटल केलं", म्हणजे फेडून टाकलं, विषय संपला. सिबिलच्या भाषेत Settled म्हणजे वेगळंच. कर्जदाराला पूर्ण पैसे देता आले नाहीत, म्हणून कर्ज देणाऱ्यानं थोडे कमी घेऊन खातं मिटवलं आणि उरलेले सोडून दिले, असा त्याचा अर्थ होतो. पूर्ण फेडलेल्या कर्जाची नोंद Closed अशी असते. Settled दिसलं की पुढचा बँकवाला समजतो की या माणसानं एकाचे पैसे बुडवलेत, माझेही बुडवेल.

काकांनी पहिला तक्रार अर्ज स्वतः लिहिला होता. त्यात वाक्य होतं, "माझे कर्ज सेटल झालेले आहे तरी तशी नोंद करावी." इंग्रजीत भाषांतर करणाऱ्यानंही settled च लिहिलं. त्याचा परिणाम पुढं येतो.

ज्यांनी खरोखरच एकरकमी तडजोडीत कमी पैसे भरून कर्ज मिटवलं असेल, त्यांची नोंद Settled च राहणार, ती Closed करून मागता येत नाही. पण त्यांच्याही बाबतीत तडजोडीनंतर थकबाकीचा आकडा शून्य झाला पाहिजे. तो चालू राहिला तर ती चूकच, आणि तिच्यासाठी हीच वाट.

तक्रार कुणाकडं, आणि दिवस कसे मोजायचे

सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही. ज्यानं माहिती पाठवली त्यानं चूक मान्य करून नवी माहिती पाठवली तरच ती बदलते. म्हणून नुसती सिबिलच्या वेबसाइटवर तक्रार करून थांबू नका. तिथं तक्रार करा, फी लागत नाही, नोंदीवर वाद चालू असल्याची खूणही येते. पण खरा नेट कर्ज देणाऱ्यावर लावायचा.

त्याला कायद्याचा आधार आहे. क्रेडिट इन्फॉर्मेशन कंपनीज कायदा २००५ चा. तक्रार आल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले पहिले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे, तेवढ्यात त्यानं दुरुस्त माहिती सिबिलला पाठवायची. ३० दिवस उलटूनही नोंद सुधारली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. कर्ज देणाऱ्यानं २१ दिवसांत काही केलं नाही तर भरपाई त्याच्या खिशातून जाते. त्यानं वेळेत कळवूनही सिबिलनं नोंद बदलली नाही तर सिबिलच्या.

दिवस मोजायचे तर सुरुवातीची तारीख सिद्ध करता आली पाहिजे. शाखेत तोंडी सांगून आलात तर ती तारीख कागदावर येत नाही. काका पहिल्या आठवड्यात तीनदा शाखेत गेले, तिन्ही वेळा "बघतो, करतो" ऐकून आले. ते दिवस वाया गेले. १० जून २०२५ ला त्यांनी लेखी अर्ज शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, तोच अर्ज कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर पोस्टानं आणि ईमेलनं पाठवला, आणि त्याच दिवशी चारही ठिकाणी ऑनलाइन तक्रार टाकली. तिथून मोजलं तर २१ दिवस १ जुलैला आणि ३० दिवस १० जुलैला संपतात.

अर्जाला जोडायचे कागद : रोख भरल्याची पावती, बेबाकी दाखला, कंपनीकडून मागून घेतलेला कर्जखात्याचा पूर्ण उतारा, आणि रिपोर्टचं ते पान, चुकीच्या जागी खूण करून. उताऱ्यानं काकांचं काम सोपं झालं. त्यात १२ मार्चची रोख जमा दिसतच नव्हती आणि पावती तर हातात होती. चूक कुठं झाली ते कंपनीला शोधायला लावण्यापेक्षा आपणच बोट ठेवून दाखवलं तर टोलवाटोलवी कमी होते.

मग एजंटचा फोन आला

२७ जूनला कंपनीच्या वसुलीवाल्याचा फोन आला. "काका, कशाला वाढवताय? सिस्टीममध्ये ४,६५० दिसतंय. तुम्ही २,००० भरा, आजच्या आज सेटल करून देतो, सिबिल क्लिअर."

काका भरायला निघालेच होते. त्यांचंही बरोबर होतं, बीज सोडायचा हंगाम डोक्यावर आला होता आणि २,००० रुपयांत सुटका मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? मुलीनं अडवलं. तिचा मुद्दा साधा होता. आपण भरलेल्या पैशांपैकी परत २,००० भरले, तर आपणच मान्य केलं की आधी भरले नव्हते. शिवाय ४,६५० च्या जागी २,००० घेऊन मिटवलं की नोंद Settled होणार. आणि मागच्या पंधरा महिन्यांच्या चौकटीतले आकडे तसेच राहणार, कारण उशीर झाला होता हे तर मान्यच झालं. ते आकडे रिपोर्टमध्ये ३६ महिन्यांपर्यंत दिसतात.

न देणं असलेले पैसे 'विषय मिटवायला' भरू नका. आपल्याकडं ही चूक फार होते, कारण रक्कम लहान असते आणि पायपीट मोठी.

पैसे भरले नाहीत, तरी १८ जुलैला रिपोर्ट पुन्हा काढला तेव्हा थकबाकी शून्य झाली होती आणि स्थिती होती Settled. कंपनीनं काकांच्या पहिल्या अर्जातला शब्द उचलून जसाच्या तसा चढवला होता. वर कंपनीचा ईमेल, "आपली तक्रार आपल्या विनंतीप्रमाणे निकाली काढली आहे." महिन्यांचे आकडे होते तिथंच.

मग दुसरा अर्ज गेला. तो इथं देतो, आपापली माहिती भरून वापरा :

"कर्ज खाते क्रमांक ____ चे सर्व २४ हप्ते व दंड मी पूर्ण भरले असून शेवटची रक्कम दि. १२/०३/२०२४ रोजी पावती क्र. ____ ने भरली आहे. आपण दि. २०/०३/२०२४ रोजी येणे बाकी नसल्याचा दाखला दिला आहे. मला कोणतीही सूट मिळालेली नाही व मी कोणतीही तडजोड केलेली नाही. तरी चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडे पुढीलप्रमाणे दुरुस्ती पाठवावी : १) खात्याची स्थिती Closed, Settled नव्हे. २) बंद झाल्याची तारीख १२/०३/२०२४. ३) शिल्लक व थकबाकी शून्य. ४) मार्च २०२४ पासून दाखवलेले थकीत दिवसांचे सर्व आकडे रद्द. ५) जामीनदाराच्या नावावरील नोंदीतही हीच दुरुस्ती. माझी मूळ तक्रार दि. १०/०६/२०२५ ची असून ती अद्याप निकाली निघालेली नाही. ३० दिवसांनंतरच्या विलंबाची प्रतिदिन १०० रुपये भरपाई माझ्या बँक खात्यात जमा करावी."

चौथा मुद्दा लोक विसरतात. नुसती शिल्लक शून्य करून घेतली आणि मागचे ११७, ३०१ तसेच राहिले, तर पुढच्या बँकेला दिसतं की दीड वर्ष रखडवून शेवटी फेडलं.

अर्ज मराठीत दिला तरी चालतो, कर्ज देणाऱ्यानं ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत व्यवहार करायचा असतो. पण बेळगावच्या शाखेतून तो मुंबई-चेन्नईच्या कार्यालयात जाणार, तेव्हा सोबत इंग्रजी प्रत जोडलेली बरी. भाषांतर करणाऱ्याला settled शब्द टाळायला सांगा, closed आणि fully paid म्हणायला सांगा.

लोकपालाकडं कधी

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. आधी कर्ज देणाऱ्याकडं लेखी तक्रार केलेली असणं सक्तीचं आहे, थेट गेलात तर अर्ज परत येतो. cms.rbi.org.in वर ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. 14448 या नंबरवर मराठीत आणि कन्नडमध्येही माहिती मिळते. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, पण वकील नसलेल्या कुणालाही लेखी अधिकार देऊन प्रतिनिधी करता येतं. घरातला शिकलेला मुलगा-मुलगी किंवा सोसायटीचे सचिव हे काम करू शकतात.

काकांच्या मुलीनं २१ जुलैला तक्रार टाकली. दोन्ही अर्ज, शिक्क्याची प्रत, पावती, दाखला आणि दोन्ही तारखांचे रिपोर्ट जोडले. लोकपालाकडून कंपनीला विचारणा गेल्यावर मात्र चाकं हलली. ४ ऑगस्टला नोंद Closed झाली, तारीख १२ मार्च २०२४, मागचे आकडे गेले. ११ जुलै ते ४ ऑगस्ट हे २५ दिवस, म्हणून २,५०० रुपये भरपाई. ती निकालानंतर कामाच्या पाच दिवसांत जमा व्हायची असते, काकांच्या खात्यात ८ ऑगस्टला आली.

एक अडचण इथंच सांगून ठेवतो. आपल्या भागात पतसंस्था आणि सौहार्द सहकारी यांच्याकडून कर्ज घेणारे खूप आहेत. त्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत, त्यांची तक्रार लोकपालाकडं चालणार नाही, त्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडंच जावं लागतं. कर्ज नेमकं कुणाचं आहे ते करारपत्राच्या पहिल्या पानावर बघा. दुकानात किंवा शोरूममध्ये फॉर्म भरून घेणारा एक असतो आणि कर्ज देणारी कंपनी भलतीच असते.

शंभर रुपये रोज ही भरपाई फक्त उशिराची आहे, नुकसानीची नाही. काकांनी जुलैत व्यापाऱ्याकडून उचल घेऊन जाळी घेतली, आणि उचल घेतली की मासा त्यालाच, त्याच्याच दरानं घालावा लागतो. तो तोटा २,५०० मध्ये भरून येत नाही. तेवढं मोठं नुकसान कागदानं दाखवता येत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार चालते. म्हणजे कर्ज कागल-कोल्हापूरच्या शाखेतून घेतलेलं असलं तरी निपाणीच्या माणसाला बेळगावला तक्रार करता येते. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायच्या धंद्याचं कर्ज असेल तर आपण ग्राहकच ठरतो. मात्र तेच प्रकरण लोकपालाकडं आणि आयोगात एकाच वेळी चालवता येत नाही.

राहिला जामीनदार. काकांचा धाकटा भाऊ जामीन होता. त्याच्या रिपोर्टमध्येही तेच कर्ज Guarantor म्हणून थकीत दिसत होतं आणि त्यानं तोवर बघितलंच नव्हतं. काकांची नोंद ४ ऑगस्टला सुधारली, भावाच्या नावावरची एका ठिकाणी तशीच राहिली होती, ती वेगळ्या तक्रारीनं सप्टेंबरमध्ये गेली. आपल्यात एकमेकांना जामीन राहिलेले किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. ज्याचं कर्ज फिटलं त्यानं आपल्या जामीनदारालाही त्याचा फुकटचा रिपोर्ट काढून बघायला सांगावं, आणि बेबाकी दाखल्याची एक झेरॉक्स त्याच्याकडं द्यावी.

काकांचं बँकेचं कर्ज सप्टेंबरअखेर मंजूर झालं.